एका पेपरचा निकाल राखीव, मग सीजीपीए कुठून कुठवर?

काका, मी देवगडची, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. सहाव्या सेमचा निकाल लागला पण चार क्रेडिटच्या एका पेपरपुढे 'राखीव' आलंय. एमएस्सीच्या फॉर्मला ७.०० सीजीपीए लागतो आणि शेवटच्या तारखेला आठवडाच राहिलाय. मी काढला तर ७.०२ येतो, मैत्रीण म्हणते ७.०४, कॉलेजमधले एक सर म्हणाले ६.८० धरून चाल. त्या पेपरचे इंटर्नल ४० पैकी २९ आहेत, लेखी ६० चा, बरा गेला होता. सगळ्या मार्कशीटचे फोटो पाठवलेत. बाबा म्हणतात उगाच फॉर्मचे पैसे घालवू नको. भरू का नको?

भर गो, फॉर्म भर. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. पण नुसतं माझ्या शब्दावर भरू नको, खालचा हिशोब बाबांना घेऊन बस आणि वहीत स्वतः कर, कारण उद्या कुणी चौथा माणूस चौथा आकडा घेऊन आला तर त्याला उत्तर तुलाच द्यायचंय. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या परीक्षा विभागात बरीच वर्षं काढलीत आणि दर पावसाळ्यात निकाल लागले की खिडकीपुढे भिजलेल्या छत्र्या घेऊन उभी असलेली पोरं हाच प्रश्न विचारायची.

पहिली गोष्ट म्हणजे सीजीपीएचा दोन दशांशांचा आकडा घेऊन हिशोबाला बसू नको. तो शेवटी छापायचा आकडा असतो, राउंड केलेला. आपल्याला हवेत क्रेडिट पॉइंट, म्हणजे प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले त्या पेपरचा ग्रेड पॉइंट, आणि त्या सगळ्याची बेरीज. तुम्ही देवगडचे, तुला पेटीच्या भाषेत सांगतो. चार डझनाच्या पेटीला डझनामागे ८ भाव लागला तर ३२ झाले, दोन डझनाच्या पेटीला ९ लागला तर १८ झाले, आणि सरासरी भाव काढताना आपण ३२ नि १८ मिळवून सहा डझनांनी भागतो, ८ आणि ९ ची नुसती सरासरी काढत नाही. क्रेडिट म्हणजे डझन, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव. आता तुझ्याकडे एकूण १३२ डझन माल आहे, त्यातली चार डझनाची एक पेटी अजून उघडलेली नाही. सगळा प्रश्न एवढाच आहे.

आता तुझ्या मार्कशीटवर पहिल्या पाच सेमचे एसजीपीए आहेत ६.६४, ६.८२, ७.००, ६.७७ आणि ७.१४, आणि प्रत्येक सेमला २२ क्रेडिट. यातून मूळचे क्रेडिट पॉइंट परत काढता येतात, आणि अगदी अचूक काढता येतात, ही गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही. ६.६४ ला २२ ने गुणलं की १४६.०८ येतात. पण क्रेडिट पूर्णांक आहेत, ग्रेड पॉइंट पण पूर्णांक आहेत, म्हणजे बेरीज पूर्णांकच असली पाहिजे, म्हणून ती १४६ होती, वरचे ०.०८ हे राउंडिंगमुळे आलेत. तसंच दुसऱ्या सेमचे १५०.०४ म्हणजे १५०, तिसऱ्याचे १५४, चौथ्याचे १४८.९४ म्हणजे १४९, पाचव्याचे १५७.०८ म्हणजे १५७. बेरीज कर, ७५६ झाले, ११० क्रेडिटवर. हे सेम-सेमचं वेगवेगळं का करायचं तर एका सेममध्ये राउंडिंगची चूक जास्तीत जास्त पाव पॉइंटच्याही आत राहते त्यामुळे जवळचा पूर्णांक एकच निघतो, पण पाचही सेमच्या एकत्र सीजीपीएला ११० ने गुणलंस तर कधी कधी दोन पूर्णांक बसू शकतात आणि कुठला खरा ते कळत नाही. काही विद्यापीठांत ग्रेड पॉइंटच दशांशात असतात, तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे प्रत्येक पेपरचा आकडाच घ्यावा लागतो. तुझ्या मार्कशीटवर पूर्णांक आहेत, तेव्हा तुला अडचण नाही. वेळ असेल तर पेपरवार बेरीज करून १४६ येतात का तेही बघून घे, पाच मिनिटांचं काम आहे आणि मार्कशीटवर छपाईची चूक असेल तर तिथेच सापडते.

सहावं सेम. चार क्रेडिटचे चार पेपर लागलेत, ए, ए, बी प्लस, ए, म्हणजे ३२, ३२, २८, ३२, झाले १२४. दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ए प्लस, म्हणजे १८. एकूण १४२, १८ क्रेडिटवर. आधीचे ७५६ मिळव, ८९८. हा आकडा वहीत मोठा करून लिही, ८९८, कारण हा आता हलणार नाही. हलणार आहे फक्त राखीव पेपर, चार क्रेडिटचा, आणि भागाकार मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत १३२ नेच करायचा, निकाल काहीही लागो.

```
कमीत कमी  = (८९८ + ४ × ०)  ÷ १३२ = ६.८०
जास्तीत जास्त = (८९८ + ४ × १०) ÷ १३२ = ७.११
```

झाली रेंज. ६.८० ते ७.११. आणि बघ, एक ग्रेड वर चढला की चार पॉइंट वाढतात, चार भागिले १३२ म्हणजे ०.०३ च्या आसपास. तीन वर्षांच्या शेवटाला एक पेपर एका ग्रेडने एवढाच हलवतो. पहिल्या सेमला एखादा पेपर राखीव राहिला असता तर भागायला फक्त २२ क्रेडिट होते, तेव्हा एका ग्रेडने ०.१८ फरक पडला असता. म्हणून ज्यांचा शेवटच्या सेमचा पेपर अडकलाय त्यांची रेंज अरुंद असते, आणि अरुंद असूनही तुझा कटऑफ नेमका तिच्या मधे आलाय, म्हणून तुझी झोप उडालीय, ते मला कळतं.

आता त्या तीन आकड्यांकडे येऊ, कारण ते कुठून आले ते कळल्याशिवाय तुझं मन थाऱ्यावर येणार नाही.

सरांचा ६.८० हा रेंजचा तळ आहे. राखीव पेपरला शून्य धरून काढलेला. गणित बरोबर आहे त्यांचं. पण शून्य मिळतं कधी, तर फेल किंवा गैरहजर असलीस तर. आणि एक पेपर फेल असताना बहुतेक विद्यापीठं शेवटचा सीजीपीए देतच नाहीत, तो पेपर परत देऊन पास झाल्यावर काढतात, आणि तेव्हा त्या शून्याच्या जागी नवा ग्रेड आलेला असतो. म्हणजे ६.८० हा तुझ्या अंतिम मार्कशीटवर बहुधा कधीच छापला जाणार नाही असा आकडा आहे. फेल झालीस तर यंदाचं ॲडमिशन जाईल, वेळ जाईल, हे खरं, ते मी लपवत नाही. पण ती वेगळी अडचण आहे, तिला ६.८० म्हणू नये. माझ्या डोळ्यांसमोर एका मुलाने, गुहागरकडचा होता, असाच शून्य धरलेला आकडा ऐकून फॉर्मच भरला नाही, पुढे पंधरा दिवसांत राखीव निकाल सुटला, चांगला बी प्लस होता, कटऑफच्या वर गेला, पण तारीख उलटून गेलेली. ज्या कर्मचाऱ्याने त्याला तो आकडा सांगितला त्याच्या शेजारच्या टेबलावर मी बसलो होतो आणि मी मधे बोललो नाही, ते आजही मनात आहे. म्हणून तुला एवढं लांब लिहितोय.

तुझा ७.०२ असा आला की तू राखीव पेपर बाजूलाच ठेवलास, ८९८ ला १२८ ने भागलंस. ऑनलाइन निकालावर काही वेळा असाच आकडा दिसतो म्हणून पोरांना तो खरा वाटतो. पण पेपर बाजूला ठेवणं याचा अर्थ असा होतो की त्या पेपरला तुझ्या बाकीच्या सगळ्या पेपरांची सरासरीच मिळणार असं तू न बोलता धरलंस. तो अंदाज आहे, आणि वाईट अंदाज नाही, पण त्यात रेंज दिसत नाही. ७.०२ वाचून वाटतं की कटऑफ पार झाला, आणि प्रत्यक्षात त्या पेपरला बी लागला तर पार होत नाही. तेव्हा ७.०२ हा आकडा कुठेही 'माझा सीजीपीए' म्हणून लिहायचा नाही. एखाद्या निकालपत्रावर छापलेला आकडा शून्य धरून आहे की पेपर वगळून आहे हे ओळखायचं तर दोन्ही भागाकार करून बघ, १३२ ने आणि १२८ ने, जो जुळेल तो.

मैत्रिणीचा ७.०४ मात्र पद्धतीतच चुकलाय. तिने सहाव्या सेमचे १४२ भागिले १८ केले, ७.८९ आले, आणि सहा सेमची सरासरी काढली. सहाही सेमचे क्रेडिट सारखे असते तर सेमची सरासरी काढून चाललं असतं, पण इथे सहावं सेम १८ क्रेडिटवर अर्धवट आहे आणि तिने त्याला २२ क्रेडिटच्या सेमइतकंच वजन दिलं. अर्धी भरलेली टोपली पूर्ण टोपलीच्या भावात धरली. तिला रागावू नको, ही चूक मी शिकलेल्या माणसांनाही करताना बघितलंय.

आता खरी कामाची गोष्ट, आणि ती तुझ्या त्या २९ मार्कांत आहे.

नुसती ६.८० ते ७.११ ही रेंज खरी आहे पण जरा आळशी आहे, कारण तिने असं धरलंय की त्या पेपरबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. तुला तर अर्ध्याला थोडंसंच कमी माहीत आहे. इंटर्नल २९ मिळालेत, ते बदलणार नाहीत. तुझ्या मार्कशीटच्या मागच्या तक्त्यात ४० ते ४४ ला डी म्हणजे ४ पॉइंट, ४५ पासून सी ५, ५० पासून बी ६, ५५ पासून बी प्लस ७, ६० पासून ए ८, ७० पासून ए प्लस ९ आणि ८० नि वर ओ म्हणजे १० असं दिलंय. आणि खाली बारीक अक्षरात असंही आहे की इंटर्नल आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं ४० टक्के पाहिजे. म्हणजे लेखीत ६० पैकी २४ मिळाले तरच पास. मग पास झालीस तर कमीत कमी बेरीज किती, २९ अधिक २४, ५३. तो बी झाला, ६ पॉइंट. डी आणि सी तुला लागूच शकत नाहीत! इंटर्नलमध्ये २९ असल्यामुळे, काठावर पास झालीस तरी तू थेट बी मध्ये उतरतेस. आणि वरच्या बाजूला लेखीत पैकीच्या पैकी धरले तर ८९, तो ओ, म्हणजे वरचं टोक आहे तिथेच राहतं.

तेव्हा पास झालीस हे धरून तुझी रेंज अशी होते:

```
लेखी २४-२५ : बी       (८९८+२४) ÷ १३२ = ६.९८
लेखी २६-३० : बी प्लस  (८९८+२८) ÷ १३२ = ७.०२
लेखी ३१-४० : ए        (८९८+३२) ÷ १३२ = ७.०५
लेखी ४१-५० : ए प्लस   (८९८+३६) ÷ १३२ = ७.०८
लेखी ५१-६० : ओ        (८९८+४०) ÷ १३२ = ७.११
```

यात अर्धे मार्क देतात का वगैरे गोष्टी धरलेल्या नाहीत, आणि ग्रेसचे मार्कही धरू नको, ग्रेस कुणाला कधी मिळेल याचे नियम वेगळे असतात आणि त्यावर फॉर्म भरण्याचा निर्णय टेकवायचा नसतो.

हा तक्ता दोन वेळा वाच. पास होऊनही कटऑफ हुकतो अशी जागा फक्त पहिल्या ओळीत आहे, लेखीत २४ किंवा २५. दोनच मार्कांची फट. २४ च्या खाली गेलीस तर फेल, मग सीजीपीए राहतो बाजूला. २६ आणि पुढे कितीही मिळोत, कटऑफ पार. एवढे दिवस तू ७.०२ खरा का ६.८० खरा यात अडकली होतीस, आणि विचारायचा प्रश्न खरंतर असा आहे की मला लेखीत ६० पैकी २६ मिळतील का.

हे उलटं पण काढता येतं, आणि मी पोरांना नेहमी उलटंच काढायला सांगायचो कारण त्यात चूक लवकर दिसते. कटऑफ ७.०० गुणिले १३२ म्हणजे ९२४ पॉइंट लागतात. आहेत ८९८. कमी पडतायत २६. ते चार क्रेडिटमधून यायला हवेत, म्हणजे २६ भागिले ४, साडेसहा ग्रेड पॉइंट. साडेसहाचा ग्रेड तर नसतो, म्हणून वरचा घ्यायचा, ७, बी प्लस. हे उत्तर १० च्या वर आलं असतं तर मी तुला सरळ सांगितलं असतं की बाळा, कुठलाही ग्रेड आला तरी जमत नाही, पैसे वाचव. आणि पास होण्याच्या सगळ्यात खालच्या ग्रेडपेक्षा कमी आलं असतं तर म्हटलं असतं की नुसती पास हो, झालं काम. तुझं उत्तर त्या दोन्हीच्या मधे आलं, पण खालच्या टोकाला अगदी चिकटून आलं.

इथे राउंडिंगचा मुद्दा काही जण काढतात, की ६.९८ ला राउंड करून ७ धरतील का. नाही धरणार. यूजीसीच्या पद्धतीत एसजीपीए आणि सीजीपीए दोन दशांशांपर्यंत राउंड करतात, त्यामुळे ६.९९५ किंवा वर असलं तरच ७.०० छापलं जातं. तुझ्या बी ग्रेडला पूर्ण भागाकार ६.९८४८ येतो, तो त्याच्या खालीच आहे.

मग २६ मिळतील का? मला तुझा पेपर माहीत नाही, पण 'बरा गेला' यावर थांबू नको. प्रश्नपत्रिका काढ, नसेल तर मैत्रिणीकडून फोटो मागव. जे प्रश्न पूर्ण लिहिलेस त्यांच्या मार्कांची बेरीज कर, अर्धवट सोडलेले सध्या धरू नको. त्या बेरजेचे निम्मे कर, म्हणजे कडक तपासणीचा अंदाज झाला. पूर्ण लिहिलेले प्रश्न ५२ मार्कांचे भरले तर निम्म्यानेही २६ होतात. ४० मार्कांचेच भरले तर निम्म्याने २० आले, मग तुला दोन तृतीयांश तरी मिळाले पाहिजेत, ती जरा जोखमीची बाजू झाली. तू प्रॅक्टिकलला ए प्लस आणि बाकी पेपरांना बहुतेक ए घेणारी मुलगी आहेस, २४-२५ वर अडकशील असं मला वाटत नाही, पण हा अंदाज आहे आणि तो तू प्रश्नपत्रिका समोर ठेवून पक्का करायचाय.

आता हा सगळा हिशोब कुठे कोसळतो ते सांगतो, कारण त्यावर पुढची धावपळ अवलंबून आहे. हिशोबाचा पाया असा की बाकीचं सगळं पक्कं आहे आणि एकच पेपर हलतोय. निकाल राखीव का ठेवलाय त्यावर हे खरं की खोटं ते ठरतं. सीट नंबर उत्तरपत्रिकेवर चुकीचा पडला, कॉलेजकडून मार्क चढवायचे राहिले, हजेरीपटावर सही सापडत नाही, अशी कारणं असतील तर निकाल सुटेल तेव्हा फक्त तोच पेपर बदलेल आणि वरची रेंज जशीच्या तशी लागू. पण कारण गैरप्रकाराच्या चौकशीचं असेल, तुझं नसेलही, कधी कधी एका हॉलमधल्या सगळ्यांचे पेपर अडकतात, तर तिथे शिक्षा एका पेपरपुरती राहीलच असं नाही, पूर्ण सेमची परीक्षा रद्द होऊ शकते, आणि मग ८९८ हा आकडाच पक्का राहत नाही. तसंच तू दुसऱ्या कुठल्या पेपरला पुनर्मूल्यांकनाला टाकलं असशील तर तिथेही ग्रेड बदलू शकतो, मग दोन पेपरांची रेंज एकत्र करावी लागते, दोन्ही खालचे एकत्र आणि दोन्ही वरचे एकत्र.

आणि ते २९ कुठून कळले तुला? नोटीस बोर्डावरून का विद्यापीठाच्या पोर्टलवरून? यात फरक आहे. कॉलेजच्या वहीत २९ आणि विद्यापीठाकडे रिकामं, असं होतं, आणि निकाल राखीव राहण्याचं ते एक कारणच असतं. माझ्या टेबलावर अशी प्रकरणं यायची की मुलीला वाटतंय उत्तरपत्रिका हरवली, आणि प्रत्यक्षात इंटर्नलची एक ओळ चढवायची राहिलेली, एका पत्राने काम व्हायचं. म्हणून सोमवारी कॉलेजात जाशील तेव्हा परीक्षा विभागात दोनच गोष्टी विचार: राखीव कशासाठी ठेवलाय, आणि माझे इंटर्नल २९ विद्यापीठाला गेलेत का, गेले असतील तर कुठल्या तारखेला. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नको, अर्ज लिहून दे आणि त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. घाटावरून येणाऱ्या गाड्या या दिवसांत उशिरा येतात, साहेब अकरानंतर भेटतील, तेव्हा दिवसभराचा डबा घेऊनच जा.

फॉर्मबद्दल. त्यात 'निकाल प्रतीक्षेत' असा पर्याय असेल तर तोच निवड आणि सीजीपीएचा रकाना सूचनेत सांगितलंय तसा ठेव. असा पर्याय नसेल आणि आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसेल तर मनाने ७.०२ टाकू नको, ७.११ तर मुळीच नको. त्या विभागाला ईमेल कर, पाच सेमचा सीजीपीए ६.८७, सहाव्या सेमचा एक पेपर राखीव, आणि विचार की काय भरू. त्यांचं लेखी उत्तर जपून ठेव. कारण पुढे कागदपत्रं तपासताना मार्कशीटवर ६.९८ निघाला आणि तू ७.०२ लिहिलेला असलास तर हमीपत्र खोटं ठरतं आणि मिळालेली जागाही जाते, मग दोन मार्कांची गोष्ट फार मोठी होऊन बसते. आपल्या कॉलेजकडून एक पत्रही घे, अमुक पेपरचा निकाल राखीव आहे, बाकी सर्व पेपर उत्तीर्ण, एवढंच. ते पत्र फॉर्मला जोड.

बाबांचं म्हणणं मला कळतं, फॉर्मचे पैसे म्हणजे पैसे असतात, मासळीबंदीच्या महिन्यांत तर जास्तच. त्यांना ६.८० आणि ७.०२ असलं काही सांगू नको. वरचा पाच ओळींचा तक्ता त्यांच्यापुढे ठेव आणि सांग की पास झाले तर फक्त पहिल्या ओळीत अडचण आहे, बाकीच्या चारही ओळींत जमतंय. मग तुझी प्रश्नपत्रिका दाखव. ते स्वतः हिशोब करतील.

आणि निकाल सुटला की ग्रेडच्या अक्षराकडे नंतर बघ, आधी लेखीचा रकाना बघ, २६ आहेत का. मला दोन ओळी लिहून कळव.

तुझा काका, रत्नागिरी